नेरळ ते माथेरान, कागदावर

समोच्च रेषांचा धडा शाळेत एका इयत्तेत येतो आणि नकाशाप्रमाणाचा दुसऱ्या. मुलं दोन्ही धडे नीट करतात. रेषा जवळजवळ असल्या की उतार तीव्र आणि लांबलांब असल्या की मंद, हे त्यांना केव्हाही सांगता येतं. एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर, हेही पाठ असतं. गाडी अडते ती पुढच्या प्रश्नावर: या दोन ठिकाणांमधला उतार नेमका किती? तिथे दोन्ही धडे एकाच वेळी वापरावे लागतात, आणि दोन्हींमधली मापं कागदावर सारख्या रीतीने आलेली नसतात, हे सहसा कुणी सांगितलेलं नसतं.

नकाशावर अंतर लहान होऊन येतं. जमिनीवरचे पन्नास हजार सेंटिमीटर कागदावर एक सेंटिमीटर होतात. उंची मात्र लहान होत नाही. कागद सपाट, त्यावर उंची काढायला जागाच नाही, म्हणून ती आकड्यात लिहिलेली असते: २००, ३००, ४००, समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये, जशीच्या तशी. म्हणजे अंतर मोजायचं आणि उंची वाचायची. उतार काढताना होणाऱ्या बहुतेक चुका या एका फरकाचा विसर पडल्याने होतात.

एक खरी जागा घेऊन हे करून पाहू. नेरळ आणि माथेरान. नेरळ स्टेशन समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीसेक मीटरवर आहे, माथेरानचं स्टेशन सुमारे ८०० मीटरवर. दोन्हींमधलं सरळ रेषेतलं अंतर साधारण साडेसहा किलोमीटर. या दोन ठिकाणांना जोडणारी छोटी रेल्वे १९०७ पासून आहे आणि तिच्या रुळांची लांबी जवळपास २१ किलोमीटर आहे. साडेसहा किलोमीटरसाठी २१ किलोमीटर का लागले, याचं उत्तर समोच्च रेषांमध्ये आहे आणि ते पट्टी आणि कर्कटक घेऊन घरच्या टेबलावर काढता येतं.

भारतीय सर्वेक्षण विभागाचा नेहमी वापरात असलेला स्थलनिर्देशक नकाशा १:५०,००० प्रमाणाचा असतो. त्यावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, एक मिलिमीटर म्हणजे ५० मीटर. समोच्च रेषा तपकिरी रंगात असतात आणि या प्रमाणावर सहसा दर २० मीटरला एक रेषा येते. दर पाचवी रेषा जाड असते. म्हणजे जाड रेषा १००, २००, ३०० अशा शंभराच्या पाढ्यात येतात आणि उंचीचा आकडा बहुधा त्यांच्यावरच लिहिलेला असतो. मधल्या चार बारीक रेषांवर काही लिहिलेलं नसतं. त्यांची उंची आपण मोजून ठरवायची.

ही मोजणी सोपी वाटते, तरी पहिली चूक इथेच होते. २०० च्या जाड रेषेपासून ३०० च्या जाड रेषेपर्यंत रेषा मोजल्या तर दोन्ही टोकं धरून सहा भरतात. सहा गुणिले वीस, एकशेवीस. पण उंचीतला फरक शंभरच आहे. मोजायचे असतात ते रेषांमधले टप्पे, आणि ते पाच आहेत. दोन जाड रेषांच्या मध्ये ही चूक चटकन लक्षात येते, कारण उत्तर समोरच लिहिलेलं असतं. पण एखादं देऊळ २४० च्या बारीक रेषेवर आणि विहीर ३८० च्या रेषेवर असेल, तर एक रेषा जास्त धरली गेलेली कळतही नाही. म्हणून सवय अशी लावावी: आधी दोन्ही ठिकाणांची उंची स्वतंत्रपणे, जवळच्या जाड रेषेवरून ठरवायची, मग वजाबाकी करायची. ३८० वजा २४०, १४० मीटर. सगळ्या रेषा एका दमात मोजत जाण्याची गरजच नाही.

रेषा चढत्या आहेत की उतरत्या, हेही गृहीत धरू नये. पुस्तकातल्या आकृत्यांत आतलं वर्तुळ बहुधा सगळ्यांत उंच असतं, त्यामुळे आत जाणं म्हणजे चढणं असं डोळ्यांना वळण लागतं. सह्याद्रीच्या नकाशावर रेषा टोकदार होऊन वळतात. काही टोकं डोंगराच्या सोंडेची असतात, काही ओढ्याच्या घळीची, आणि नुसत्या आकारावरून दोन्ही सारखीच दिसतात. टोक कमी उंचीच्या रेषांकडे वळलेलं असेल तर ती सोंड, जास्त उंचीच्या रेषांकडे वळलेलं असेल तर घळ. दोन जाड रेषांवरचे आकडे वाचल्याशिवाय हे ठरवता येत नाही. ओढ्याची रेघ दिसली तर खात्रीच होते, कारण ओढा सोंडेच्या माथ्यावरून वाहत नाही.

आता नेरळहून माथेरानला सरळ रेघ मारू. १:५०,००० च्या नकाशावर ही रेघ सुमारे १३ सेंटिमीटर भरेल. १३ गुणिले ५००, ६,५०० मीटर. उंचीतला फरक ८०० वजा ४०, ७६० मीटर. इथे दोन्ही आकडे एकाच एककात असायलाच हवेत. ७६० मीटर आणि साडेसहा किलोमीटर यांचा भागाकार तसाच केला तर उत्तर हजार पटींनी चुकतं, आणि परीक्षेच्या घाईत असं खरोखर होतं. ६,५०० भागिले ७६० केलं की साधारण साडेआठ येतात. म्हणजे साडेआठ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर चढ. उतार १:८.५. टक्क्यांत सांगायचं तर ७६० भागिले ६,५०० गुणिले १००, जवळपास १२ टक्के. अंशांत साधारण पावणेसात. उतार मंद असेल तेव्हा अंश काढायची सोपी रीत म्हणजे चढाला अंतराने भागून येणारा अपूर्णांक ५७ ने गुणायचा. वीस अंशांच्या पलीकडे ही रीत फसायला लागते, तिथे त्रिकोणमितीचं कोष्टक बघावं.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. नकाशाचं प्रमाणही १:५०,००० असं लिहितात आणि उतारही १:८.५ असा. लिहिण्याची पद्धत एक, पण गोष्टी पूर्ण वेगळ्या. पहिल्यात डावीकडे कागद आणि उजवीकडे जमीन असते. दुसऱ्यात दोन्हीकडे जमीनच असते: डावीकडे उभा चढ, उजवीकडे आडवं अंतर. प्रमाणातला दुसरा आकडा वाढला की नकाशा जास्त मुलूख दाखवतो. उतारातला दुसरा आकडा वाढला की चढ सोपा होतो.

पावणेसात अंशांचा चढ म्हणजे काही विशेष नाही, असं वाटू शकतं. पण नेरळच्या फलाटावरून माथेरानच्या डोंगराकडे पाहिलेल्या कुणालाही ते पटणार नाही. पटूही नये. सरासरी उतार हा फक्त दोन टोकांचा हिशेब असतो, मधल्या जमिनीबद्दल तो काहीच बोलत नाही. म्हणून तीच १३ सेंटिमीटरची रेघ तुकड्यांत तोडायची. जिथे रेषांची दाटी बदलते, तिथे पेन्सिलने खूण करायची आणि प्रत्येक तुकड्याचा उतार वेगळा काढायचा. आकडे सोयीसाठी गोल करून घेऊ. प्रत्यक्ष नकाशावर, तुम्ही रेघ कुठून नेता त्यानुसार, ते थोडे इकडेतिकडे होतील. समजा पहिल्या पाच सेंटिमीटरमध्ये आपण ४० वरून १४० मीटरवर आलो. अडीच किलोमीटरमध्ये १०० मीटर, उतार १:२५. सायकल दामटता येईल असा. पुढच्या पाच सेंटिमीटरमध्ये १४० वरून ५००. अडीच किलोमीटरमध्ये ३६० मीटर, उतार सुमारे १:७. मग एकाच सेंटिमीटरमध्ये ५०० वरून ७६०. पाचशे मीटरमध्ये २६० मीटर चढ, म्हणजे जवळजवळ १:२, साडेसत्तावीस अंश. आणि शेवटच्या दोन सेंटिमीटरमध्ये फक्त ४० मीटर, पुन्हा १:२५, कारण आता आपण पठारावर आलो.

साडेआठला एक हा उतार या चारपैकी कुठल्याही तुकड्यात नाही. माथेरानसारखा माथ्यावर सपाट आणि कडेने तुटलेला डोंगर नकाशावर असाच दिसतो. मध्ये मोकळ्या, वळणं घेत गेलेल्या थोड्या रेषा, त्यांच्याभोवती रेषांचा दाट तपकिरी पट्टा, आणि त्याच्या बाहेर पायथ्याकडे हळूहळू विरळ होत गेलेल्या रेषा. माथेरानच्या नकाशावर ‘पॉइंट’ म्हणून नावं दिलेल्या जागा पाहा. बहुतेक सगळ्या त्या दाट पट्ट्याच्या आतल्या काठावर आहेत. दृश्य तिथूनच दिसतं, आणि सांभाळूनही तिथेच राहावं लागतं.

आता रेल्वेकडे वळू. माथेरानच्या रेल्वेचा सगळ्यांत तीव्र चढ १:२० आहे. एवढ्यासाठीसुद्धा जेमतेम ६१० मिलिमीटर रुंदीचा रूळमार्ग, छोटे डबे आणि अतिशय संथ वेग स्वीकारावा लागला. कर्जत-लोणावळ्याच्या बोरघाटात, जो १८६३ मध्ये सुरू झाला, मोठ्या गाड्यांसाठी ठरलेली मर्यादा १:३७ होती, आणि त्या चढावरही गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. पोलादी चाक पोलादी रुळावर घसरतं, म्हणून रेल्वेला चढाचं इतकं वावडं. तेव्हा प्रश्न असा: १:८.५ सरासरीच्या आणि मध्येच १:२ होणाऱ्या या डोंगरावर १:२० चा मार्ग कुठून न्यायचा?

समोच्च नकाशा असला की याचं उत्तर कर्कटकाने काढता येतं. १:२० म्हणजे २० मीटर चढायला ४०० मीटर चालायचं. आपल्या नकाशावर शेजारच्या दोन रेषांमध्ये नेमका २० मीटरचाच फरक आहे. म्हणजे एका रेषेवरून पुढच्या रेषेवर जाताना मार्ग किमान ४०० मीटर लांब हवा, आणि ४०० मीटर म्हणजे कागदावर आठ मिलिमीटर. कर्कटकाची टोकं आठ मिलिमीटरवर उघडायची. एक टोक सुरुवातीच्या रेषेवर ठेवायचं आणि दुसरं पुढच्या रेषेवर कुठे टेकतं ते पाहायचं.

पायथ्याच्या मैदानात दोन रेषा आठ मिलिमीटरपेक्षा दूर असतील, तर कर्कटक पुढच्या रेषेपर्यंत पोहोचणारच नाही. याचा अर्थ तिथे जमीनच १:२० पेक्षा सौम्य आहे. हवं तिकडे सरळ जा. डोंगर सुरू झाला की रेषा जवळ येतात. आता आठ मिलिमीटरचं टोक पुढच्या रेषेला सरळ वर गाठत नाही, तिरकं गाठतं, आणि तेही दोन ठिकाणी: एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. इथे निवड करावी लागते. एक बाजू धरली, तिथे खूण केली, त्या खुणेवर टोक ठेवून पुढची रेषा शोधली, असं करत गेलं की खुणांची एक माळ तयार होते. रेषा जितक्या दाट, तितकी ही माळ त्यांना जवळजवळ समांतर जाऊ लागते. जिथे रेषांमध्ये फक्त दोन मिलिमीटर आहेत, तिथे आठ मिलिमीटरचं पाऊल डोंगराच्या अंगाने चौदा-पंधरा अंश इतकंच वर वळतं. बाकी सगळी चाल आडवी. घाटातले रस्ते आणि रूळ डोंगराच्या कुशीला चिकटून, प्रत्येक सोंडेला वळसा घालून आणि प्रत्येक घळीत आत शिरून का जातात, ते या खुणांच्या माळेत उघड दिसतं. सोंड संपली आणि पुढे कडा आला की एकच उपाय उरतो. दुसरी बाजू धरायची. तिथे नागमोडी वळण पडतं.

मार्गाची किमान लांबी मात्र रेघ न ओढताही कळते. ४० पासून ८०० पर्यंत २० मीटरचे ३८ टप्पे आहेत. प्रत्येकाला आठ मिलिमीटर, म्हणजे ३०४ मिलिमीटर. जमिनीवर सव्वापंधरा किलोमीटर. म्हणजे नेरळ ते माथेरान ही रेल्वे कुणीही, कशीही बांधली असती तरी १:२० च्या आत राहून ती सव्वापंधरा किलोमीटरपेक्षा आखूड होऊच शकली नसती. प्रत्यक्षातला मार्ग २१ किलोमीटरचा आहे, कारण सगळीकडे कमाल चढ ठेवता येत नाही. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी स्टेशनं आहेत, आणि गाडी उभी राहायची तर तिथला चढ कमी हवा. तीव्र वळणांवर चाकं रुळाला घासतात, तिथेही चढ सैल करावा लागतो. पठारावर पोहोचल्यावर काही अंतर जवळजवळ सपाट जातं. ७६० मीटर चढाला २१,००० मीटर मार्ग, म्हणजे सरासरी सुमारे १:२८. आणि बोरघाटाची १:३७ ची मर्यादा इथे लावली असती तर? कर्कटक १४.८ मिलिमीटर उघडावं लागलं असतं आणि किमान लांबी २८ किलोमीटरवर गेली असती. दर टप्प्याला पंच्याऐंशी टक्के जास्त जागा हवी होती, आणि ती जागा या एवढ्याशा डोंगराच्या अंगावर शोधावी लागली असती.

वळणावळणाचा मार्ग नकाशावर मोजायला पट्टी कामाची नाही. त्यासाठी दोरा चांगला. थोडा ओला करून मार्गावर बसवायचा, दोन्ही टोकांवर खूण करायची, मग ताणून पट्टीवर धरायचा. कागदाच्या कडेनेही जमतं: कड मार्गाच्या एका सरळ तुकड्यावर ठेवायची, वळणापाशी पेन्सिलचं टोक रोवून कागद फिरवायचा, पुढचा तुकडा धरायचा. काहीही करा, उत्तर खऱ्यापेक्षा थोडं कमीच येतं. का, याबद्दल डोंगरात फिरणाऱ्यांमध्ये एक ठाम समज आहे: नकाशा आडवं अंतर दाखवतो, आपण तिरके चढतो, म्हणून प्रत्यक्षात जास्त चालावं लागतं.

हा समज तपासून पाहू. नेरळ-माथेरान सरळ रेघेवर आडवं अंतर ६,५०० मीटर, चढ ७६०. पायथागोरसचा नियम लावला की तिरकं अंतर ६,५४४ मीटर येतं. फरक ४४ मीटर. साडेसहा किलोमीटरमध्ये अवघे ४४. रेल्वेच्या पूर्ण २१ किलोमीटरवर तर हा फरक वीस मीटरही भरत नाही. तिरकेपणा अंतरात खरोखर जाणवतो तो पंचवीस-तीस अंशांच्या पुढे. आपल्या उदाहरणातल्या त्या दाट सेंटिमीटरमध्ये ५०० मीटरचे ५६४ होतात, आणि ४५ अंशांवर शंभराचे १४१. तेव्हा नकाशातलं अंतर कमी भरतं त्याला बहुतांशी चढ कारण नसतो. कारण असतात ती लहान वळणं, जी १:५०,००० वर काढताच येत नाहीत. पायवाट दहा मीटर डावीकडे, दहा मीटर उजवीकडे अशी चढत असेल, तर कागदावर ती दोन दशांश मिलिमीटरची थरथर होते. छापलेली रेघच साधारण तेवढी जाड असते. नकाशा काढणारा ती थरथर गाळतो आणि पायवाट गुळगुळीत करतो. त्याच्याकडे दुसरा पर्याय नसतो.

आतापर्यंतचा सगळा हिशेब नकाशा खरोखर १:५०,००० चा आहे, या विश्वासावर चालला. हा विश्वास हल्ली फार वेळा चुकतो. ओपन सिरीजचे स्थलनिर्देशक नकाशे २०१७ पासून सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरून पीडीएफ स्वरूपात विनामूल्य उतरवून घेता येतात, आणि ही फार मोठी सोय झाली. पण घरच्या प्रिंटरवर तो ‘फिट टू पेज’ करून छापला की नकाशा आकसतो, आणि कोपऱ्यात छापलेलं १:५०,००० मात्र तसंच राहतं. पुस्तकातली आकृती झेरॉक्समध्ये लहान केली किंवा मोबाइलवर बोटांनी मोठी केली, तरी हेच होतं.

समजा छापील प्रतीवर एक किलोमीटर दोनऐवजी १.६ सेंटिमीटरचाच आला. आपली १३ सेंटिमीटरची रेघ १०.४ होईल. गुणिले ५०० केलं की ५,२०० मीटर. उंची मात्र रेषांवर लिहिलेली, ती आकसत नाही: ७६० च राहते. उतार १:८.५ ऐवजी १:६.८ निघेल. नकाशा लहान छापला की सगळे डोंगर एकजात जास्त तीव्र होतात, मोठा छापला की एकजात सौम्य. सुरुवातीला म्हटलं की अंतर मोजायचं आणि उंची वाचायची, त्याचा परिणाम इथे असा दिसतो. अंतरातली चूक उंचीतल्या चुकीने भरून निघत नाही, ती सरळ उतारात उतरते.

यावर इलाज रेषाप्रमाणाचा. नकाशाच्या खाली किलोमीटरच्या खुणा असलेली जी पट्टी छापलेली असते, ती नकाशाबरोबरच आकसते आणि फुगते, म्हणून ती कायम खरी. मोजणीला बसण्याआधी त्या पट्टीवरचा एक किलोमीटर आपल्या पट्टीने मोजावा. दोन सेंटिमीटर आला तर अंकप्रमाण वापरायला हरकत नाही, नाही आला तर ते विसरून जावं. झेरॉक्समध्ये ती पट्टीच कापली गेली असेल, तर समासातल्या अक्षांशांच्या खुणा मदतीला येतात. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे जमिनीवर सुमारे १.८५ किलोमीटर. या नकाशाची एक पूर्ण शीट दक्षिणोत्तर पंधरा मिनिटांची असते, तेव्हा मूळ आकारात तिची उंची समास सोडून सुमारे ५५ सेंटिमीटर भरायला हवी. रेखांशांवरून हा हिशेब करू नये. ते उत्तरेकडे जवळ येत जातात.

शाळेत समोच्च रेषांवरून आडवा छेद काढायला शिकवतात. डोंगर डोळ्यांसमोर उभा करायला ही सुंदर रीत आहे. पण त्या छेदावर कोनमापक ठेवून उतार मोजू नये. छेदात आडवं प्रमाण एक सेंटिमीटरला ५०० मीटर आणि उभं बहुधा एक सेंटिमीटरला १०० मीटर घेतात, नाहीतर डोंगर कागदावर दिसायचाच नाही. म्हणजे उंची पाचपट ताणली. आपला पावणेसात अंशांचा सरासरी उतार या चित्रात तीस अंशांचा दिसेल, आणि साडेसत्तावीस अंशांचा तुकडा जवळजवळ सत्तर अंशांचा. चित्रात कोण उंच आणि कोण बुटका ते बघावं, कोन मात्र आकड्यांवरून काढावा.

आणि एक मर्यादा अशी, जी कितीही नीट मोजलं तरी जात नाही. रेषा दर २० मीटरला आहेत. दोन रेषांच्या मध्ये काय आहे ते नकाशाला ठाऊक नाही. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झाला. कठीण थर ताठ कड्यासारखे उभे राहतात, मऊ थर झिजून त्यांच्यामध्ये आडव्या पट्ट्या तयार होतात. म्हणून इथल्या नकाशांवर रेषा एकसारख्या दाट नसतात. चार-पाच एकमेकींना चिकटतात, मग मोकळी जागा, मग पुन्हा चिकटतात. त्या मोकळ्या जागेत गवताळ पट्टी असते आणि चिकटलेल्या ठिकाणी कातळ, एवढं वाचता येतं. पण ४०५ मीटरवर सुरू होऊन ४१८ मीटरवर संपणारा तेरा मीटरचा सरळ कातळ दोन रेषांच्या मध्ये पूर्ण लपतो. वर आणि खाली जमीन सौम्य असली तर नकाशावर तिथे १:८ चा निरुपद्रवी उतार दिसेल, आणि जागेवर दोर लागेल. नकाशा चुकीचा नसतो. त्याच्या टप्प्यापेक्षा कडा लहान असतो, एवढंच. मोठ्या कड्यांसाठी नकाशावर खडकाची वेगळी चिन्हं असतात. ती आहेत का हे पाहावं, पण ती नाहीत म्हणून कडा नाही असं धरू नये.

मोजणीतला कच्चेपणाही याच हिशेबात धरायला हवा. पट्टीवर अर्ध्या मिलिमीटरची चूक सहज होते, आणि ती जमिनीवर २५ मीटर असते. दोन रेषांमधलं अंतर दोन मिलिमीटर असताना ही चूक पंचवीस टक्क्यांची; उतार १:५ आहे की १:६ हे सांगता येणार नाही. तीच अर्ध्या मिलिमीटरची चूक पाच सेंटिमीटरच्या तुकड्यावर एकच टक्का होते. म्हणून उतार एका टप्प्यावर मोजू नये. रेषांची दाटी साधारण सारखी असलेला जितका लांब तुकडा मिळेल तितका घ्यावा, आणि दाटी बदलली की तिथेच थांबून नवा तुकडा सुरू करावा. उत्तरही त्याच मापाने लिहावं. साडेसहा किलोमीटर हे अंतर आपण ढोबळ घेतलं, तेव्हा १:८.५५२६ असं गणकयंत्रावरचं सगळं उत्तर वहीत उतरवण्यात अर्थ नाही. १:८.५ लिहावं. हातात १:२५,००० चा नकाशा असेल तर त्यावर रेषा सहसा दर दहा मीटरला येतात आणि अंतरं दुप्पट मोठी भरतात. तेच कर्कटक तेव्हाही आठ मिलिमीटरच उघडायचं, कारण टप्पा निम्मा झाला आणि प्रमाण दुप्पट. फरक इतकाच की आता दर चारशेऐवजी दर दोनशे मीटरला एक खूण मिळते, आणि आधीच्या दोन खुणांमध्ये दडलेली एखादी घळ किंवा छोटी सोंड मार्गात आडवी येताना दिसते.